अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश: स्वतः छापलेल्या पहिल्या ललितलेखसंग्रहाची दोन पानं कशी तयार करावीत

मी ठाण्यात मुद्रितशोधन करते. पदरचे पैसे घालून पहिलं पुस्तक काढणारे लेखक माझ्याकडे येतात. लेखांवर त्यांनी दोन-तीन वर्षं मेहनत घेतलेली असते, पण अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश ही दोन पानं मात्र फाइल छापखान्यात जायच्या आदल्या रात्री लिहिलेली असतात. पुस्तकातल्या ज्या चुका नंतर कायम सलत राहतात, त्यांतल्या बऱ्याचशा याच दोन पानांवर सापडतात. कुणाचं तरी नाव राहून जातं, कुणाचं चुकीचं पडतं, आणि ज्याने नाव न घेण्याची विनंती केली होती त्याचंच नाव ठळकपणे छापलं जातं.

इथे मी फक्त ललित, म्हणजे स्वतःच्या आयुष्यावरच्या लेखांच्या संग्रहाबद्दल लिहिते आहे. या प्रकारात एक वेगळी अडचण असते: ज्यांचे आभार मानायचे, तीच माणसं बऱ्याचदा लेखांमध्येही असतात. कथासंग्रहाच्या लेखकाला हा विचार एवढा करावा लागत नाही.

सोबत एक खरं उदाहरण घेते. एका लेखिकेचं बालपण चरईतल्या चाळीत गेलं, आता ती कोलशेत रोडला राहते. तिच्या संग्रहात बावीस लेख होते, डेमी आकार, तीनशे प्रती. तिचा पहिला ऋणनिर्देश तीन पानांचा होता आणि त्यात ४७ नावं होती. छापला गेला तो एका पानाचा, सहा नावांचा. उरलेली ४१ माणसं कुठे गेली ते ओघात येईलच. तिच्या परवानगीने मजकूर देते आहे, मात्र नावांच्या जागी रेघा ठेवल्या आहेत.

१. आधी यादी, मग वाक्यं

कोणते लेख घ्यायचे ते ठरलं की त्याच दिवशी एका वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात माणसाचं नाव, दुसऱ्यात त्याने नेमकं काय केलं, तिसऱ्यात तो संग्रहातल्या कुठल्या लेखात येतो का. पुढचं सगळं काम या वहीवरून होतं.

दुसरा रकाना भरताना 'मार्गदर्शन', 'प्रोत्साहन', 'मोलाचं सहकार्य' हे शब्द वापरायचे नाहीत. 'लेखाचा शेवट काढायला सांगितला', 'जुन्या चाळीचा नकाशा काढून दिला', 'तीन महिने रविवारी मुलाला सांभाळलं' असं लिहा. ज्याच्यापुढे असं काही लिहिता येत नाही, त्या माणसाबद्दल तुम्हाला प्रेम असेल, पण या पुस्तकाच्या ऋणनिर्देशात त्याची जागा नाही. हे पहिल्यांदा कठोर वाटतं. पण वाचणाऱ्याला नेमका आभार आणि रीत म्हणून मानलेला आभार यांतला फरक लगेच कळतो, आणि ज्याचे आभार मानले त्याला तर सर्वांत आधी.

आमच्या लेखिकेने हा रकाना भरला तेव्हा ४७ जणांचे आपोआप गट पडले. पाच जणांनी मोबदला घेऊन काम केलं होतं: मुखपृष्ठ, मांडणी, छपाई वगैरे. त्यांची नावं शीर्षकपानामागच्या श्रेयपानावर गेली. अकरा जण प्रकाशन समारंभासाठी धावपळ करणारे होते. त्यांचे आभार समारंभात, व्यासपीठावरून. पंचवीस जणांनी वेगवेगळ्या तऱ्हेने जीव लावला होता. त्यांच्या प्रतीत पहिल्या कोऱ्या पानावर तिने हाताने दोन-दोन ओळी लिहून दिल्या. छापील यादीतल्या एकतिसाव्या नावापेक्षा त्या ओळींनी माणसं जास्त सुखावली.

*सावधान:* पुस्तकातला ऋणनिर्देश आणि समारंभातलं आभारप्रदर्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सभागृह, ध्वनिव्यवस्था, प्रमुख पाहुणे, 'वेळात वेळ काढून उपस्थित राहिलेले रसिक' यांतलं काहीही पुस्तकात येत नाही. पुस्तक छापलं जातं तेव्हा समारंभ झालेलाच नसतो.

२. विचारल्याशिवाय नाव नाही

ललितलेखनात ही पायरी सोडून चालत नाही, म्हणून इथे जरा थांबते.

समजा एका लेखात तुम्ही शेजारच्या काकूंचं नाव बदललं आहे, कारण त्यात त्यांच्या घरातल्या भांडणाचा उल्लेख आहे. पुढे ऋणनिर्देशात तुम्ही लिहिता, 'आमच्या शेजारच्या —— काकूंनी चाळीतल्या आठवणी सांगितल्या, त्यांची मी ऋणी आहे.' बस, लेखातलं टोपणनाव निकामी झालं. चाळीत वाढलेला कुणीही वाचक दोन पानं जोडून माणूस ओळखणार. लेखात घेतलेली काळजी आभाराच्या एका वाक्याने पुसली जाते, आणि हे लेखकाच्या ध्यानीमनीही नसतं, कारण तो तर प्रेमानेच लिहीत असतो.

म्हणून वहीतला तिसरा रकाना. ज्या नावापुढे लेखाचं नाव आलं आहे, त्या प्रत्येकाला प्रत्यक्ष किंवा फोनवर दोन प्रश्न विचारा. 'पुस्तकात आभार मानले तर चालेल का?' आणि 'तुमचं नाव घालू की नको?' हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पुष्कळ जण पहिल्याला हो म्हणतात आणि दुसऱ्याला नाही. अशा वेळी नाव न घेताही छान लिहिता येतं. आमच्या लेखिकेच्या चार जुन्या शेजाऱ्यांनी नाव नको म्हटलं. तिने लिहिलं: 'चरईतल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांनी न कंटाळता तेच तेच प्रसंग मला पुन्हा पुन्हा सांगितले. त्यांच्या इच्छेनुसार इथे नावं दिलेली नाहीत.'

डॉक्टर, समुपदेशक, वकील यांचे आभार मानताना आणखी जपा. 'डॉ. —— यांनी त्या कठीण काळात सांभाळलं' असं लिहिलं आणि ते डॉक्टर कशाचे हे गावाला माहीत असलं, तर तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या आजाराची बातमीच तुम्ही छापलेली असते. आजार लेखात उघडपणे आला असेल तर हरकत नाही. नसेल तर हा आभार पत्रातून माना.

*तपासणी:* ऋणनिर्देशातलं प्रत्येक नाव एकेका लेखाशेजारी ठेवून विचारा, 'या दोन पानांवरून लेखातला लपवलेला माणूस ओळखू येतो का?' एका जुन्या मित्राकडूनही हीच परीक्षा करून घ्या. लेखकाला स्वतःला हे दिसत नाही.

३. अर्पणपत्रिका

अर्पणपत्रिका एका माणसासाठी किंवा फार तर एका जोडीसाठी असते. आई, बाबा, दोन्ही आज्या, गुरुजी आणि 'माझे सर्व वाचक' एकाच पानावर आले की ती यादी होते. निवड करताना हे पुस्तक कुणामुळे लिहिलं गेलं एवढंच पाहा. सगळ्यांत जवळचं कोण, हा प्रश्न इथे नाहीच. हे मनाशी पक्कं असलं की घरातल्या इतरांना समजावून सांगणंही सोपं जातं.

लेखिकेचा पहिला मसुदा नऊ ओळींचा होता. 'जिने मला घडवलं, जिने संस्कारांचं लेणं दिलं, जिच्या मायेच्या सावलीत मी वाढले' असं म्हणत शेवटी आत्याचं नाव यायचं, आणि खाली एका भावगीताच्या दोन ओळी. मराठीत 'जिने… तिला…' ही रचना सुरू केली की नाव वाक्याच्या शेवटी ढकललं जातं, आणि मधल्या जागेत विशेषणं भरत जातात. यावर उपाय एकच: नाव किंवा नातं आधी, मग एक ठोस गोष्ट. मी तिला विचारलं, आत्या डोळ्यांपुढे आली की काय दिसतं? ती म्हणाली, 'चाळीत एकच खोली होती. सगळ्यांना झोपायचं असायचं, पण मी वाचत असले की आत्या दिवा बंद करायला लावायची नाही. तोंडावर पदर घेऊन झोपायची.' छापलं ते असं:

> धाकट्या आत्याला.
> माझं वाचन चालू असेपर्यंत तिने कधी दिवा मालवायला लावला नाही.

दोन ओळी. आत्याचं नावही नाही, कारण घरच्यांना ते ठाऊक आहे आणि परक्या वाचकाला त्याची गरज नाही.

तीन चुका मला वारंवार दिसतात.

पहिली संबोधनाची. 'आईला' म्हणून सुरुवात केली तर पुढे 'तिने', आणि 'आई, तुला' म्हणून केली तर पुढे 'तू, तुझं'. 'आईस अर्पण, तुझ्या कष्टांमुळेच तिची लेक आज…' अशी सरमिसळ माझ्यासमोर आलेली आहे. आदराचंही तेच. घरात आईला 'अगं' आणि बाबांना 'अहो' म्हणत असाल तर तसंच राहू द्या. छापायचं म्हणून आईला 'त्यांनी' केलं की ती दूरची बाई वाटायला लागते.

दुसरी विभक्तीची. 'आईस', 'आईला', 'आईप्रत' ही तिन्ही रूपं चालतात, पण पुस्तकाची भाषा बोलीकडे झुकणारी असेल तर 'आईस' एकटंच सोवळं नेसून उभं राहिल्यासारखं दिसतं. लेखांत जे रूप वापरता तेच इथे वापरा.

तिसरी चूक कवितेच्या ओळींची, आणि ती नुसती सौंदर्याची बाब नाही. भारतात कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत त्याच्या कवितेवर स्वामित्वहक्क असतो, आणि ही साठ वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात. म्हणजे १९७० साली वारलेल्या कवीच्या कविता २०३० संपेपर्यंत हक्काखाली आहेत. समीक्षेसाठी ओळ उद्धृत करणं वेगळं आणि अर्पणपत्रिकेची शोभा म्हणून छापणं वेगळं. खाली कवीचं नाव टाकलं किंवा ऋणनिर्देशात आभार मानले म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. स्वतः पुस्तक काढताना प्रकाशकही तुम्हीच असता, तेव्हा जबाबदारीही तुमचीच. लेखी परवानगी मिळवा, संतवाङ्मयासारखं जुनं काही घ्या, किंवा ओळी गाळा. आमच्या लेखिकेने गाळल्या, आणि दिव्याची ओळ एकटी उभी राहिल्यावर जास्त बोलू लागली.

*तपासणी:* अर्पणपत्रिका अनोळखी माणसाला मोठ्याने वाचून दाखवा. त्याने 'म्हणजे काय?' विचारलं तर एखादा शब्द कमी पडतो आहे. तो अवघडून खाली बघू लागला तर पाच-सहा शब्द जास्त झाले आहेत.

४. ऋणनिर्देशाचा क्रम

डेमी आकाराच्या पानावर नेहमीच्या अक्षरात, मथळ्याची जागा सोडून, साधारण दोनशे शब्द मावतात. दीडशेवर थांबलात तर पानाला श्वास घ्यायला जागा राहते. हे बंधन पैशाचंही आहे. ऑफसेटवर डेमी पुस्तकाचा एक फॉर्म सोळा पानांचा. लेखिकेचं पुस्तक एका पानाच्या ऋणनिर्देशासह १२८ पानांत, म्हणजे बरोबर आठ फॉर्ममध्ये बसत होतं. तीन पानांचा ऋणनिर्देश ठेवला असता तर १३० पानं झाली असती. त्या जादा दोन पानांसाठी अर्धा फॉर्म वाढला असता आणि शेवटी सहा कोरी पानं उरली असती. (मागणीनुसार डिजिटल छपाई करणाऱ्यांना फॉर्मचा हा हिशेब फारसा लागत नाही, पण एक पान पुरे हे तिथेही खरं.)

क्रमासाठी मी लेखकांना लेखापासून सुरुवात करून बाहेर जायला सांगते. आधी ज्यांनी लेख वाचून बदल सुचवले, मग ज्यांनी माहिती आणि आठवणी दिल्या, मग ज्यांनी लेख पहिल्यांदा छापले, मग पुस्तक घडवताना ज्यांनी ठरल्या कामापलीकडे काही केलं, आणि सर्वांत शेवटी घर. यामागे कारण आहे. मान-पदाप्रमाणे क्रम लावला की 'माझं नाव तिसरं का?' हा प्रश्न येतोच. कामाप्रमाणे लावला की येत नाही. एकाच गटात चार-पाच नावं असतील तर ती अकारविल्हे लावा, म्हणजे कुणाला काही वाटायला जागा राहत नाही. घर शेवटी ठेवायचं ते त्याला कमी मान म्हणून नव्हे. पान मिटताना शेवटचं वाक्य मनात राहतं, आणि त्या जागेवर घरच्यांचा हक्क आहे.

पूर्वप्रसिद्धीची नोंद विसरू नका. संग्रहातले लेख आधी दिवाळी अंकात किंवा पुरवणीत आले असतील तर लेखाचं नाव, अंकाचं नाव आणि वर्ष द्या. लेखाचं शीर्षक बदललं असेल तर जुनंही द्या, म्हणजे जुना वाचक गोंधळत नाही. इथेही लक्षात ठेवा, नोंद म्हणजे परवानगी नव्हे. त्या अंकाशी काही लेखी करार झाला होता का, पुनर्मुद्रणाची अट होती का, हे जुन्या पत्रांत आणि ईमेलमध्ये आधी शोधा. काही सापडलं नाही तरी संपादकांना एक पत्र पाठवा. सौजन्य म्हणूनही ते बरं दिसतं.

लेखिकेचा अंतिम मजकूर हा:

> या संग्रहातले सगळे लेख —— आणि —— यांनी छापण्याआधी वाचले. 'पाण्याची वेळ' या लेखाचा शेवट मी त्यांच्या सांगण्यावरून काढून टाकला.
>
> चरईतल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांनी न कंटाळता तेच तेच प्रसंग मला पुन्हा पुन्हा सांगितले. त्यांच्या इच्छेनुसार इथे नावं दिलेली नाहीत.
>
> 'पाण्याची वेळ', 'जिना' आणि 'उसनी साखर' हे लेख प्रथम —— या दिवाळी अंकात अनुक्रमे २०१९, २०२१ आणि २०२२ साली प्रसिद्ध झाले. संपादक —— यांनी माझा पहिला लेख स्वीकारला, तेव्हा पुढचे लिहायचा धीर आला.
>
> अक्षरजुळणी करताना —— यांनी माझ्या लेखांतल्या आठ चुकीच्या तारखा दाखवून दिल्या.
>
> संध्याकाळचा स्वयंपाक —— यांनी आपणहून अंगावर घेतला. —— हिने प्रत्येक लेख मला मोठ्याने वाचून दाखवला. वाक्य कुठे अडखळतं ते मला तिच्या आवाजात कळलं. या सर्वांची मी मनापासून ऋणी आहे.

'ऋणी' हा शब्द पूर्ण पानात एकदाच आला आहे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'आभारी आहे', 'ऋणी आहे', 'कृतज्ञ आहे' आलं की ते हजेरीपट वाचल्यासारखं होतं. माणसाने काय केलं ते सांगितलं की आभार त्यातच आलेला असतो.

पहिल्या मसुद्यातली तीन वाक्यं मी तिला काढायला सांगितली. 'त्यांचे आभार मानून मी त्यांना परकं करणार नाही', 'मी त्यांच्या ऋणातच राहू इच्छिते', आणि 'अनवधानाने कुणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व'. पहिली दोन इतक्या पुस्तकांत आली आहेत की वाचकाची नजर त्यांवर टेकतच नाही. तिसरं वाक्य भाषणात शोभतं. छापील पानावर ते 'मी यादी नीट तपासली नाही' एवढंच सांगतं.

*सावधान:* पुस्तकात मनोगत असेल तर त्याच्या शेवटी पुन्हा आभार नकोत. मनोगत, ऋणनिर्देश आणि श्रेयपान अशा तीन ठिकाणी एकाच चित्रकाराचं नाव, तेही दोन वेगवेगळ्या लेखनपद्धतींनी, मी पाहिलेलं आहे.

५. नावं आणि उपाध्या

नाव कसं लिहायचं ते ज्याचं त्याला विचारा. मोबाइलमध्ये साठवलेल्या नावावरून किंवा जुन्या लग्नपत्रिकेवरून उतरवू नका. एका पुस्तकात, पत्रिकेवरून नाव घेतल्यामुळे, पती गेलेल्या एका बाईंच्या नावामागे 'सौ.' छापलं गेलं. लेखकाने त्यांची माफी मागितली, पण प्रती वाटून झाल्या होत्या. 'सौ.', 'श्रीमती' किंवा काहीच नाही, यांतलं काय हवं ते त्या बाईंनीच सांगायचं. माझा सल्ला असा की पूर्ण पानावर 'श्री.', 'सौ.' दोन्ही गाळा आणि 'यांनी'मधून आदर दाखवा. मात्र एकाला लावलं तर सर्वांना लावा.

दिवंगत व्यक्तीसाठी 'कै.' की 'दिवंगत' हेही घरच्यांना विचारून ठरवा. प्रत्येक घरात 'कैलासवासी' चालतंच असं नाही. आणि फाइल पाठवण्याच्या दिवशी यादीतल्या वयस्कर मंडळींची खबर घ्या. मसुदा आणि छपाई यांच्यात सहा-आठ महिने जातात.

संस्थांची नावं त्यांच्या पाटीवरून किंवा शिक्क्यावरून घ्या. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं आहे, पण माझ्याकडे येणाऱ्या मजकुरात ते कधी 'मराठी वाचनालय', कधी 'ग्रंथालय, ठाणे', तर कधी नुसतं 'लायब्ररी' असतं. गप्पांत चालेल, ऋणनिर्देशात नाही.

६. पानं कुठे आणि कशी

पुस्तकात विषम आकड्याचं पान उजवीकडे येतं. नेहमीची मांडणी अशी: १ वर फक्त पुस्तकाचं नाव, २ कोरं, ३ शीर्षकपान, ४ श्रेयपान, ५ अर्पणपत्रिका, ६ कोरं, ७ ऋणनिर्देश. मग मनोगत आणि अनुक्रमणिका. मनोगत लांब असेल तर ऋणनिर्देश त्याच्यानंतर घ्या, किंवा पुस्तकाच्या अगदी शेवटी. अर्पणपत्रिका मात्र उजव्याच पानावर, आणि तिची पाठ कोरी. कागद पातळ असला की मागची अक्षरं पुढे दिसतात, आणि दोन ओळींच्या पानावर ती फारच खुपतात.

अर्पणपत्रिकेवर पानाचा आकडा छापत नाहीत, पण तो मोजतात. 'अर्पणपत्रिका' हा मथळा, फुलांची चौकट, समई, मोरपीस, यांची गरज नाही. लेखांचाच फॉन्ट घ्या, फार तर एक-दोन पॉइंट मोठा. मजकूर पानाच्या बरोबर मध्यावर ठेवला तर छापल्यावर खाली घसरल्यासारखा दिसतो, म्हणून मध्यापेक्षा थोडा वर घ्या.

७. शेवटचं मुद्रितशोधन

या दोन पानांचं प्रूफ वेगळं काढून कागदावर तपासा. प्रिंट करताना `Actual size` निवडा, नाहीतर डेमी पान ए-फोरवर ताणलं जातं आणि मोकळी जागा चुकीची दिसते. मोबाइलवर आलेलं चित्र बघून 'ओके' कळवू नका.

मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणला असेल तर नावांतली जोडाक्षरं आधी पाहा. 'गोऱ्हे', 'कऱ्हाडे' यांतला ऱ्ह आणि 'ॲड.'मधला ॲ हमखास मोडतो. लेखात एखादं अक्षर मोडलं तर वाचक सावरून घेतो. स्वतःचं आडनाव मोडलेलं पाहिलं की माणूस दुखावतो.

मग हे शब्द एकेक करून शोधा:

- 'कृतज्ञ'च्या जागी 'कृतघ्न' पडलं नाही ना? एका अक्षराने अर्थ बरोबर उलटा होतो, आणि दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासणी तो पकडत नाही.
- 'आशीर्वाद'. 'आर्शिवाद' नव्हे.
- 'मनःपूर्वक'मध्ये विसर्ग आहे की अपूर्णविराम? दिसायला सारखे असतात, पण ओळ तिथे तुटली की घोटाळा कळतो.
- 'ऋणनिर्देश', 'तीर्थरूप', 'प्रोत्साहन'.

शेवटी त्या वहीतली यादी घ्या आणि छापील पानावरच्या प्रत्येक नावावर पेन्सिलने टिंब करा. लेखकाने स्वतः एकदा आणि ज्याने मजकूर आधी पाहिलेला नाही अशा माणसाने एकदा. आमच्या लेखिकेच्या मुलीने हे केलं. तिला वडिलांच्या नावात काही दिसलं नाही, संपादकांच्याही नाही. स्वतःच्या नावात मात्र एक वेलांटी चुकलेली सापडली. आईने बावीस लेख तपासले होते, पण लेकीचं नाव सवयीने न वाचताच पुढे गेली होती.

इतकं करूनही चूक छापली गेलीच, तर पेनने खोडून दुरुस्त करू नका. प्रती बांधल्या नसतील तर तेवढं पान नव्याने छापून घालता येतं का ते छापखान्याला विचारा. बांधल्या असतील तर त्याच कागदावर, त्याच फॉन्टमध्ये एक ओळीची पट्टी छापून चुकीच्या ओळीवर चिकटवा. तीनशे प्रतींना एक दुपार लागते. ज्याचं नाव चुकलं होतं, त्याची प्रत आधी करा आणि स्वतः नेऊन द्या.